टाकळा की कासविंदा? लेन्स, प्लान्टनेट आणि सीक यांतलं कुठलं घ्यावं

मृगाचा पाऊस पडला की खानापूरच्या पुढं, जांबोटीच्या वाटेला, बांधाबांधावर टाकळा उगवतो. माझं सासर त्या बाजूचं. पहिल्या सरींनंतर पंधरा-वीस दिवसांत कोवळे शेंडे खुडायचे, पातेल्यात परतायचे, वर ओलं खोबरं. फुलं यायच्या आत भाजी करायची, नंतर ती चरचरीत होते. त्याच बांधावर कासविंदाही उगवतो आणि कोवळेपणी दोघं सख्खे भाऊ दिसतात. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांच्या मेंदूला आणि यकृताला होणाऱ्या एका जीवघेण्या आजाराचं मूळ शोधता शोधता डॉक्टर याच बियांपाशी पोचले होते. म्हणून ओळख नक्की हवी.

बेळगावात वाढलेल्या माझ्या भाचीनं परवा विचारलं, "मावशी, फोनवर कुठलं अ‍ॅप ठेवू? लेन्स पुरेल का?" तिला दिलेलं उत्तर इथं सविस्तर लिहिते. एकाच रोपावर मी लेन्स, प्लान्टनेट आणि सीक ही तिन्ही अ‍ॅप चालवून पाहिली.

आधी झाडांची ओळख, कारण अ‍ॅपची परीक्षा तिच्यावरच होते. टाकळ्याच्या एका पानाला बहुधा पर्णिकांच्या, म्हणजे दांडीवरच्या छोट्या पानांच्या, तीन जोड्या असतात. पर्णिका टोकाकडं रुंद, गोलसर. कासविंद्याला चार ते सहा जोड्या, आणि प्रत्येक पर्णिका टोकदार. दुसरी खूण बारीक आहे, पण ती फसवत नाही. टाकळ्याच्या पानाच्या मधल्या दांडीवर, खालच्या पर्णिकांच्या जोडीमध्ये, काडीसारखी उभी लालसर गाठ असते. कासविंद्याची गाठ घुमटासारखी, आणि ती पानाच्या देठाच्या अगदी तळाशी, खोडाला लागून. वासावर जाऊ नका, चुरगळल्यावर दोघांनाही उग्रच वास येतो. पुढं शेंगा धरल्या की वाद उरत नाही: टाकळ्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकडी, कासविंद्याची चपटी, मधे तपकिरी पट्टा आणि कडा फिकट. पण शेंगा येईपर्यंत भाजीचे दिवस केव्हाच संपलेले असतात. अडचण नेमकी इथं आहे. आपण ओळखायला बसतो जूनमध्ये, तेव्हा रोपाला फक्त पानं असतात, आणि लोकांनी टाकलेले फोटो बहुतेक फुलांचे असतात.

गूगल लेन्सनं सुरुवात केली. ते बहुतेक फोनमध्ये आधीच असतं, २०१७ पासून चालू आहे, आणि कॅमेरा धरला की दोन सेकंदांत नाव देतं. मी उभ्यानं, वरून, अख्ख्या रोपावर कॅमेरा धरला. पहिलं उत्तर आलं भुईमूग. हसू नका, कोवळ्या टाकळ्याचं पान खरंच तसं दिसतं. वाकून एकच पान चौकटीत घेतलं तेव्हा Senna tora आलं, म्हणजे टाकळा. थोडं तिरपं धरलं तर Cassia tora. ही दोन झाडं नाहीत, दुसरं त्याच झाडाचं जुनं नाव आहे. लेन्स आपल्या फोटोसारखे फोटो जालावर शोधतं आणि त्यांच्याखाली लोकांनी लिहिलेली नावं पुढं करतं. त्यामुळं ते कधी बरोबर असतं, कधी नाही, आणि आपल्याला कळत नाही आत्ता कुठलं. त्याला किती खात्री आहे हे ते सांगत नाही. भुईमूग आणि टाकळा दोन्ही त्यानं सारख्याच ठामपणे सांगितले. ताटात जाणाऱ्या पानासाठी मी एवढ्यावर थांबणार नाही.

प्लान्टनेट फ्रान्समधल्या संशोधन संस्थांनी काढलं, २०१३ पासून फोनवर आहे, आणि फक्त झाडांसाठी आहे. फोनवरच्या अ‍ॅपच्या दुकानात PlantNet असं टाइप केलं की सापडतं. फोटो दिला की ते विचारतं, हे पान आहे, फूल आहे, फळ आहे की साल? एकाच रोपाचे अनेक फोटो एकत्र देता येतात. मग नावांची यादी येते आणि प्रत्येक नावापुढं टक्के. मला हे टक्के फार महत्त्वाचे वाटतात. माझ्या एका पानाच्या फोटोवर पहिल्या नावाला अर्ध्याहून कमी टक्के मिळाले, आणि खाली तिसऱ्या क्रमांकावर Senna occidentalis होतं. तोच कासविंदा. म्हणजे अ‍ॅपनंच सांगितलं की घोळ नेमका कुठं आहे. मग मी पान तोडून पांढऱ्या रुमालावर पसरलं, तीनही जोड्या दिसतील असं धरून एक फोटो घेतला आणि देठाचा जवळून दुसरा. दोन्ही एकत्र दिल्यावर टाकळा वर सरकला आणि कासविंदा बराच खाली गेला. प्रत्येक नावावर बोट ठेवलं की त्या झाडाच्या पानांचे वेगळे, शेंगांचे वेगळे फोटो दिसतात. त्यातल्या पानांच्या फोटोत गाठ कुठं आहे ते मोठं करून पाहायचं. आपली नजर आणि अ‍ॅप एकमेकांना तपासतात, ते इथं.

यादीत Senna obtusifolia हेही नाव हमखास येईल. जुन्या पुस्तकांत ते आणि टाकळा एकच मानत, आणि नुसत्या कोवळ्या पानाच्या फोटोवरून ती दोन वेगळी करणं जाणकारालाही जड जातं. त्यात वेळ घालवू नका. आपला प्रश्न कासविंद्याचा आहे.

तिसरं सीक. हे आयनॅचरलिस्टवाल्यांचं, म्हणजे लोकांनी टाकलेल्या झाडा-प्राण्यांच्या नोंदी जमवणाऱ्यांचं. खातं उघडावं लागत नाही, आणि ओळखण्याचं काम फोनच्या आतच होतं, नेटवर्क लागत नाही. कणकुंबीच्या बाजूला ज्यांनी फोन वर धरून दांडी शोधली आहे, त्यांना याची किंमत सांगायला नको. कॅमेरा रोपावर फिरवत राहिलं की वर ठिपके भरत जातात: आधी वनस्पती, मग कुळ, मग प्रजाती, शेवटी जात. खात्री नसेल तर ते मधेच थांबतं. माझ्या रोपावर ते Senna वर थांबलं आणि पुढं सरकेना. भाची म्हणाली, "म्हणजे हे अ‍ॅप कच्चं." मला उलट वाटतं. भाजीसाठी ते उत्तर अपुरं आहे, पण खोटं नाही. जंगलात मुलांना घेऊन फिरायचं असेल तर मी सीकच देईन.

आयनॅचरलिस्टवर, म्हणजे त्याच घरच्या मोठ्या अ‍ॅपवर, फोटो टाकला तर माणसं नाव तपासतात. किमान दोघांनी नाव दिलेलं असावं आणि नाव देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं जातीच्या नावावर एकमत व्हावं, मग ती नोंद पक्की धरतात. याला तास लागतात, कधी आठवडे. आजच्या जेवणाला उपयोग नाही. पुढल्या पावसाळ्यासाठी मात्र याहून भक्कम काही नाही. एक काळजी घ्या: तिथं जागा नकाशावर सगळ्यांना दिसते. नरक्यासारखं औषधासाठी ओरबाडलं जाणारं झाड सापडलं तर जागा अंधूक करण्याचा पर्याय निवडा, मग नेमका ठिपका दिसत नाही.

तर झाडांसाठी माझी निवड अशी. खायचं झाड असेल तर प्लान्टनेट, दोन-तीन फोटोंसह, आणि वर आपल्या डोळ्यांनी गाठ तपासून. नेटवर्क नसेल तिथं नुसते फोटो काढा आणि घरी येऊन गॅलरीतून द्या, उत्तर तेच येतं. बागेतल्या फुलाचं नाव हवं असेल, शेजारणीकडचं रोप कुठलं ते कळायला हवं असेल, तर लेन्स पुरे.

वस्तू आणि वास्तूंच्या बाबतीत निवड फिरते. लेन्सखेरीज दुसरं काही घेऊ नका. मागच्या वर्षी आमच्या मोटरचा एक रबरी वॉशर गेला. लेन्सनं तसे दिसणारे वीस वॉशर दाखवले, विकत घ्यायच्या दुव्यांसह, आणि त्यांतला एकही बसला नसता. फोटोवरून वस्तूचं माप कळत नाही, एक इंची आणि दीड इंची वॉशर चित्रात जुळेच दिसतात. कॅमेरा वॉशरवर न धरता मोटरच्या पत्र्यावर कोरलेल्या मॉडेल क्रमांकावर धरला, अक्षरं उचलली, ती शोधली, आणि गल्लीतल्या दुकानदाराला नेमका भाग सांगता आला. वस्तू शोधताना आकारापेक्षा तिच्यावरची अक्षरं दाखवा.

देवळांचंही तसंच. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती लेन्स लगेच ओळखतं, तिचे फोटो भरपूर आहेत. हलशीला गेलात तर भूवराह नरसिंहाचं देऊळ समोरून ओळखू येईल, पण आजूबाजूच्या लहान देवळांवर कॅमेरा धरला की मोठ्या देवळाचंच नाव चिकटतं, किंवा तसंच शिखर असलेल्या भलत्याच गावच्या देवळाचं. तिथं शिखर सोडा आणि शेजारचा फलक चौकटीत घ्या. कन्नड फलकावर लेन्समधलं भाषांतर दाबलं की मजकूर मराठीत येतो, आणि कन्नड वाचता न येणाऱ्या आपल्या माणसांसाठी या अ‍ॅपचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे. छापील, आजच्या लिपीतलं कन्नड ते चांगलं वाचतं. दगडावर कोरलेल्या हळेगन्नडपुढं, म्हणजे जुन्या कन्नडपुढं, त्याचं चालत नाही. औषधाच्या किंवा कीटकनाशकाच्या कन्नड चिठ्ठीवर मात्र भाषांतरातल्या आकड्यांवर विसंबू नका, मिलिलिटर आणि लिटर मूळ चिठ्ठीवरच पाहून घ्या.

भाचीच्या फोनवर शेवटी तिघं बसली: लेन्स होतंच, प्लान्टनेट आणि सीक नवीन. बांधावरून परत येताना आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिच्या हातातलं एक रोप घेतलं, पान उलटं केलं, अंगठ्याच्या नखानं देठाचा तळ चाचपला आणि म्हणाल्या, "हा टाक बाई. गाठ खाली आहे." भाचीनं त्या रोपाचे सहा फोटो काढले. त्याच्या शेजारच्या, न उपटलेल्या रोपाला आम्ही लाल दोरा बांधला आहे. कार्तिकात त्याला शेंगा धरतील, तेव्हा ते फोटो आणि शेंगेचा फोटो एकत्र आयनॅचरलिस्टवर टाकायचे ठरलं आहे.