घसाऱ्याच्या प्रकरणासाठी 'का' आणि 'कसे' प्रश्नांचा संच : जूनपासूनचा अनुभव

ऐरोलीत मी अकरावी कॉमर्सची शिकवणी घेते. घसाऱ्याच्या प्रकरणात व्याख्या विचारणं जूनपासून बंद केलं आणि एका शिक्षिका मैत्रिणीने बनवलेली प्रश्नांची कार्डं वापरायला घेतली. पुस्तक मिटायचं, उत्तर आपल्या शब्दांत कागदावर लिहायचं, मगच कार्ड उलटायचं. दोन-तीन दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा, नंतर आठवड्याने.

माझ्या मते एका कार्डासाठी तरी हा संच घ्यावा. यंत्र १,००,००० रुपयांचं, घसारा १०%, तीन वर्षांनी ७२,००० ला विकलं. सरळ रेषा पद्धतीत नफा आणि घटत्या शिल्लकेच्या पद्धतीत तोटा का येतो?

आकडेमोड मुलं पटकन करतात. पहिल्या पद्धतीत दरवर्षी १०,००० जाऊन पुस्तकी किंमत ७०,००० उरते, म्हणून २,००० नफा. दुसरीत १०,०००, ९,००० आणि ८,१०० जाऊन ७२,९०० उरतात, म्हणून ९०० तोटा. पण 'का' विचारलं की सुरुवातीला सगळ्यांचं एकच उत्तर असतं, "पद्धत वेगळी आहे म्हणून." लगेच पुढचं कार्ड येतं: यंत्रापायी नफा-तोटा खात्यावर एकूण किती बोजा पडला? ३०,००० वजा २,००० म्हणजे २८,०००. २७,१०० अधिक ९०० म्हणजेही २८,०००. घेतलं लाखाला, विकलं बहात्तर हजारांना, फरक तेवढाच! एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे आधी जास्त कापलेलं परत आलं." हे तिला कुठल्याही व्याख्येतून कळलं नसतं.

'घसाऱ्याची नोंद केल्यावर रोख खात्यात काय बदलतं?' हेही कार्ड छान आहे. घसारा म्हणजे नव्या यंत्रासाठी बाजूला काढलेली रोकड, असं बऱ्याच मुलांना वाटत असतं. नोंद लिहून पाहिली की रोख खातं कुठेच येत नाही, हे त्यांना स्वतःलाच दिसतं.

काही कार्डं मात्र ढोबळ आहेत. 'घसारा का आकारतात?' असं विचारलं की गाइडमधली वाक्यं जशीच्या तशी उतरतात, म्हणून ती मी काढून टाकली. चांगल्या कार्डांचीही उत्तरं चार वेळा लिहून पाठ होतातच. त्यासाठी मी एक आकडा बदलते: यंत्र ७०,००० ला विकलं तर? समजलेलं मूल खातं न मांडता सांगतं की पहिल्या पद्धतीत नफाही नाही, तोटाही नाही आणि दुसरीत २,९०० तोटा. पाठ केलेलं मूल इथे अडतं.

तारखांच्या बाबतीत हा संच कामाचा नाही. १ ऑक्टोबरला घेतलेल्या यंत्रावर ३१ मार्चला सहाच महिन्यांचा घसारा का, हे तोंडी नीट सांगणारी मुलंही गणितात वर्षाचा लावून मोकळी होतात. तिथे खाती मांडून गणितंच सोडवावी लागतात. त्यासाठी रविवारची बॅच मी वेगळी ठेवली आहे, त्यात कार्डं काढत नाही.