त्रिकोण पाठ करावा की आवरण?

परीक्षा तोंडावर आलेल्या एका ज्युनिअरने विचारलं, फिमोरल ट्रँगल आधी करू की फिमोरल शीथ? दोन्ही एकाच जागेचे नकाशे आहेत, पण कामं वेगळी.

सीमा: त्रिकोणाच्या वर इंग्वायनल लिगामेंट, बाहेरून सार्टोरियस, आतून अ‍ॅडक्टर लाँगसची आतली कड. शीथ मात्र पोटातल्या फॅशियाची खाली आलेली नळी. लिगामेंटखाली ३-४ सेंटिमीटरमध्येच संपते.

आत काय: त्रिकोणात बाहेरून आत नर्व्ह, आर्टरी, व्हेन, मग लिम्फ नोड्स. शीथचे कप्पे तीन: आर्टरी, व्हेन आणि सर्वांत आत फिमोरल कॅनाल. फिमोरल नर्व्ह शीथमध्ये नसतेच, ती इलियाकस फॅशियाखाली असते. तोंडी परीक्षेत हमखास घसरतात ते इथेच.

कॅनालमध्ये चरबी आणि क्लोकेची नोड एवढंच असतं. ही रिकामी जागा व्हेनला फुगायला सोय देते आणि हर्नियालाही वाट देते. समजा, उलट्या होणाऱ्या वयस्क बाईंच्या जांघेत, प्युबिक ट्युबर्कलच्या खाली-बाहेर न दबणारी गाठ आहे. फिमोरल हर्निया धरूनच चालायचं. कॅनालच्या तोंडाशी आतल्या बाजूला लॅक्युनर लिगामेंटची धारदार कड असते, त्यामुळे आतडं लवकर आवळलं जातं. इंग्वायनल हर्नियाची मान ट्युबर्कलच्या वर-आत असते.

सुई टोचायची असेल तर त्रिकोण पुरे: नाडी चाचपा, व्हेन तिच्या आत, नर्व्ह बाहेर. सर्जरीच्या पोस्टिंगला जाणाऱ्याने मात्र शीथच आधी घ्यावी.