परदेशी शेअरचं ॲप, चौदा महिने वापरून: रुपयातला नफा नीट दाखवत नाही

खरेदी-विक्री सुरळीत होते, डिव्हिडंड वेळेवर जमा होतो, त्याबद्दल तक्रार नाही. अडचण आहे ती रुपयात परतावा दाखवणाऱ्या बटणाची.

आकडे सोपे करून सांगतो. 100 डॉलरचे 10 शेअर, म्हणजे 1,000 डॉलर. घेतले तेव्हा बाजारात डॉलर 83 रुपये होता, पण बँकेने 84 लावला. पाठवणीचं शुल्क आणि जीएसटी मिळून आणखी 1,000 गेले. खिशातून एकूण 85,000 रुपये गेले. आज शेअर 110 डॉलरवर आणि डॉलर 86 वर आहे. ॲप रुपयातही 10 टक्केच नफा दाखवतं. कारण ते खरेदीची किंमतही आजच्याच दराने गुणतं: 86,000 चे 94,600. मुद्दलावर डॉलर वधारल्याचा फायदा त्यात पुसलाच जातो. ओळखायची खूण सोपी आहे. डॉलर आणि रुपयातली टक्केवारी दशांशापर्यंत जुळली, तर हिशेब चुकलेला आहे.

दुसरी गफलत डिव्हिडंडची. 20 डॉलर जाहीर झाला, अमेरिकेत 25 टक्के कापून 15 हाती आला (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा W-8BEN फॉर्म भरलेला असेल तरच 25, नाहीतर 30). हे 15 डॉलर वॉलेटमध्ये पडून राहतात, शेअरच्या ओळीत धरलेच जात नाहीत.

खरा हिशेब बेरजेचा नाही, गुणाकाराचा आहे. डॉलरमध्ये डिव्हिडंड धरून 11.5 टक्के, दरात 83 वरून 86 म्हणजे 3.6 टक्के. 1.115 गुणिले 1.036, म्हणजे साधारण 15.5 टक्के. पण हा झाला बाजारभाव. सोयाबीनचा फलकावरचा भाव आणि हमाली-तोलाई कापून पट्टीवर आलेली रक्कम यांत फरक असतो, तसंच इथेही आहे. पैसे परत आणताना बँक 86 देत नाही, समजा 85.20 देते. मग शीटमध्ये हे टाका:

```
=(1100+15)*85.20/85000-1
```

उत्तर 11.76 टक्के येतं, परत येतानाचं शुल्क आणि इथला कर वेगळा. म्हणजे जवळपास पावणेचार टक्के दरातला फरक आणि शुल्क यांतच गेले. शुल्क ठरावीक असल्यामुळे दर महिन्याला थोडे-थोडे पाठवणं महाग पडतं. लातूर-नांदेडकडच्या शाखांत हे काम रोजचं नसतं, म्हणून पैसे परदेशी पाठवण्याचा ए-टू फॉर्म देण्याआधी बँकेचा त्या दिवसाचा दर, म्हणजे कार्ड रेट, विचारून घ्या. तो आणि बाजारातला दर यांतला फरक तिथेच कळतो.

हे 11.76 चौदा महिन्यांचे आहेत, वर्षाचे नाहीत. मुदत ठेवीशी तुलना करायची तर शीटमधलं तारखांवरून वार्षिक परतावा काढणारं XIRR सूत्र लावा, वर्षाला दहाच्या आसपास येतं. आणि रुपया वधारून बँकेचा दर 80 झाला, तर त्याच शेअरवर 4.9 टक्केच उरतात. ॲप मात्र तेव्हाही 10 च दाखवेल.

व्यवहारासाठी ॲप ठेवण्यासारखं आहे. परताव्यासाठी प्रत्येक पाठवणीची तारीख, डॉलर आणि खात्यातून गेलेले रुपये स्वतःच्या शीटमध्येच लिहा.