शनिवारी सापडलेला मध्यम दोष: लगेच हॉटफिक्स करावा की मंगळवारच्या रिलीजपर्यंत थांबावे?

समजा, उत्तर गोव्यातील काही हॉटेले आणि गेस्टहाउसे वापरतात अशी एक बिलिंग प्रणाली पणजीतील चार-पाच जणांची टीम सांभाळते. शनिवारी सकाळी कळंगुटच्या एका हॉटेलच्या फ्रंट ऑफिसमधून तक्रार येते, की मोपाहून सुटणारे विमान गाठण्यासाठी पहाटे तीन वाजता निघालेल्या पाहुण्याच्या बिलावर आदल्या दिवसाची तारीख छापली गेली. रक्कम, कर, बिल क्रमांक हे सारे बरोबर आहे. पुढचे ठरलेले रिलीज मंगळवारी आहे.

निर्णयाआधी हा खरोखर दोष आहे ना, हे पाहावे लागते. बऱ्याच हॉटेलांत नाइट ऑडिट, म्हणजे रात्री दिवसाचा हिशेब बंद करण्याचे काम, पूर्ण होईपर्यंत आदल्या दिवसाचीच तारीख चालू ठेवण्याची रीत असते, आणि त्या वेळेत निघालेल्या बिलावर जुनी तारीख येणे योग्यच ठरते. इथे मात्र नाइट ऑडिट एक वाजताच आटोपले होते, त्यामुळे तीन वाजताच्या बिलावर नवी तारीख यायला हवी होती. शोध घेतल्यावर गुरुवारच्या रिलीजमध्ये बदललेली सर्व्हरवरची ही ओळ सापडते:

```
billDate = new Date().toISOString().slice(0, 10);
```

`toISOString()` नेहमी यूटीसी वेळ देते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतच्या प्रत्येक बिलावर कालची तारीख पडते, आणि दिवसभर सगळे सुरळीत दिसते. सर्व्हरचा टाइमझोन बदलून भागेल असे अशा वेळी कोणीतरी हमखास सुचवते. पण त्याने ही ओळ सुधारत नाही, उलट वेळेवर चालणारी इतर कामे मात्र सरकू शकतात.

आता दोन पर्याय शेजारी ठेवून पाहू. त्यासाठी दोष तोच ठेवून शनिवार-रविवारची जोडी तेवढी बदलावी, म्हणजे फरक कशाने पडतो ते स्पष्ट होते.

पहिली जोडी १७ आणि १८ जानेवारी २०२६ ची. रविवारी पहाटे निघालेल्या बिलावर १८ ऐवजी १७ तारीख पडेल. दोन्ही तारखा एकाच महिन्यातल्या असल्याने जीएसटीआर-१ या विक्रीच्या मासिक विवरणातील बेरजेला धक्का लागत नाही. रोजच्या वसुलीचा मेळ बसवताना लेखापालाला त्रास होईल आणि एखादा पाहुणा विचारणा करील, एवढेच. मंगळवारपर्यंत तीन पहाटा जातील, आणि तोवर पहाटेच्या चेकआउटचे बिल मध्यरात्रीपूर्वी तयार करून ठेवावे, अशी सूचना हॉटेलांना देता येते. त्या बिलावरची तारीख बिल केले त्याच दिवसाची राहते, म्हणजे खोटे काही छापले जात नाही. अशा वेळी थांबणे हाच माझ्या मते सरस पर्याय आहे. शनिवार-रविवारी गोव्यातील फ्रंट डेस्कवर गर्दीचा कळस असतो, आणि घाईतला बदल बिघडून बिलच निघेनासे झाले, तर तारखेची चूक परवडली असे म्हणण्याची पाळी येते.

दुसरी जोडी ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारीची. रविवारी पहाटेच्या बिलावर ३१ जानेवारी पडले, की फेब्रुवारीची विक्री जानेवारीच्या विवरणात जाते. मासिक विवरणाची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेपर्यंत असल्याने हॉटेलाच्या बाजूने दुरुस्तीला अजून दहा दिवस हाती आहेत, हे खरे. पण कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर बिल घेऊन गेलेला पाहुणा ते आपल्या हिशेब विभागाकडे सोपवून मोकळा होतो, आणि ते बिल परत मागवून दुसरे देणे ही प्रत्येक वेळी निराळी पत्रापत्री असते. इथे हॉटफिक्सचे पारडे जड होते. मात्र आपले बहुतेक ग्राहक तिमाही विवरण भरणारी लहान गेस्टहाउसे असतील, तर जानेवारी आणि फेब्रुवारी एकाच तिमाहीत येतात आणि घाईचे कारण पुष्कळ ओसरते. त्यांच्यासाठी खरी कसोटी ३१ मार्चच्या रात्रीची, कारण तेव्हा तिमाहीबरोबर आर्थिक वर्षही बदलते.

म्हणून दोषावर ‘मध्यम’ असा शिक्का मारल्याने निर्णय होत नाही, असे मला वाटते. चुकीची माहिती नुसती पडद्यावर दिसते की नोंदीत साठते, आणि साठलेली नोंद कोणाच्या हातात जाते, हे पाहावे. पडद्यावरची चूक मंगळवारी आपोआप नाहीशी होईल; साठलेली चूक मंगळवारनंतरही हाताने निस्तरावी लागते, आणि प्रत्येक रात्रीगणिक ती वाढते.

गुरुवारचे रिलीजच मागे घ्यावे, हाही विचार मनात येतो. पण त्या रिलीजमध्ये डेटाबेसच्या रचनेत बदल झाला असेल, तर जुना कोड नव्या रचनेवर चालेलच असे नाही, आणि मग एका ओळीच्या दुरुस्तीपेक्षा ही माघारच जोखमीची ठरते.

हॉटफिक्स ठरलाच, तर तो `main` वरून काढू नये, कारण तिथे मंगळवारसाठीचे अर्धवट काम मिसळलेले असते. सध्या चालू असलेल्या आवृत्तीच्या टॅगवरूनच ब्रँच काढावी:

```
git switch -c hotfix/bill-date v4.2.0
git diff v4.2.0 --stat
```

दुसरी आज्ञा दुरुस्ती केल्यानंतर चालवावी, आणि तिच्या उत्तरात ती एक फाइल आणि तिची चाचणी याखेरीज काही दिसले, तर तिथेच थांबावे. चाचणीत घड्याळ `2026-01-31T20:00:00Z` वर गोठवावे. भारतात तेव्हा १ फेब्रुवारीच्या पहाटेचे दीड वाजलेले असतात, आणि बिलावर १ फेब्रुवारी आली पाहिजे. ही चाचणी जुन्या कोडवर आधी नापास होते ना, हे पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. दिवसा नुसते बिल काढून पाहिल्यास दुरुस्त आणि नादुरुस्त कोड सारखेच उत्तर देतात.

वेळेच्या बाबतीत हा दोष तसा सोयीचा आहे. पुढची मध्यरात्र होईपर्यंत तो कोणालाच त्रास देत नाही, म्हणून सकाळचे चेकआउट आणि दुपारचे चेक-इन यांच्यामधल्या निवांत तासात, बदल तपासणारी दुसरी व्यक्ती उपलब्ध असताना डिप्लॉय करता येते. दुसरे कोणीच उपलब्ध नसेल आणि मध्यरात्रीनंतर लक्ष ठेवायला कोणी तयार नसेल, तर महिनाअखेर असली तरी मी हॉटफिक्स टाळीन आणि मध्यरात्रीपूर्वी बिल करण्याच्या सूचनेवर भागवीन. तीच ओळ मागाहून `main` मध्येही आणावी लागते, नाहीतर मंगळवारच्या रिलीजबरोबर दोष पुन्हा हजर होतो.

दोन्ही पर्यायांत एक काम मात्र टळत नाही. गुरुवारनंतर चुकीच्या तारखेने निघालेली बिले हॉटफिक्सने सुधारत नाहीत. ती शोधून, नाइट ऑडिटपूर्वीची वगळून, प्रत्येक हॉटेलाच्या लेखापालाला यादी द्यावी लागते. बिल तयार झाल्याची नेमकी वेळ `timestamptz` मध्ये ठेवली असेल, तर पोस्टग्रेसमध्ये ती अशी मिळते:

```
SELECT bill_no, bill_date FROM bills
WHERE bill_date <>
  (created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata')::date;
```

हॉटफिक्स केला असल्यास हीच यादी, त्यानंतर निघालेल्या बिलांपुरती, रविवारी सकाळी पुन्हा काढावी आणि मध्यरात्रीनंतरचे एखादे तरी बिल त्या रात्री निघाले होते ना, हेही पाहावे. बिलच निघाले नसेल, तर रिकाम्या यादीवरून काहीच सिद्ध होत नाही.