अरबी स्क्रीनशॉटमधली निळी अक्षरं: भाषांतर, लिप्यंतर की जैसे थे?

इंग्रजी पोस्टचा स्क्रीनशॉट अरबी वाचकांसाठी नव्याने बनवायचा असतो, तेव्हा मुख्य मजकुराचं भाषांतर फारसं अडत नाही. अडतं ते निळ्या अक्षरांपाशी, म्हणजे हॅशटॅग, @ लावलेलं नाव आणि लिंक यांच्यापाशी. तिन्ही एकाच रंगात दिसतात म्हणून अनेक जण तिघांना एकच नियम लावतात आणि तिथेच फसतात. मी आधी एवढंच विचारते: हा शब्द आहे, की पत्ता? शब्दाचं भाषांतर होतं, पत्त्याचं होत नाही. हॅशटॅग मात्र एकाच वेळी दोन्ही असतो.

उदाहरणासाठी मी रचलेली ही पोस्ट घ्या:

```
Water belongs to everyone. Thank you @UN
#WorldWaterDay
un.org/en/observances/water-day
```

त्याआधी एक फाटा. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून वापरायचा असेल, म्हणजे बातमीत, तक्रारीत किंवा खटल्यात, तर चित्रातलं एकही अक्षर बदलू नका. अरबी भाषांतर चित्राखाली द्या. पुढचं सगळं प्रशिक्षण पुस्तिका, सादरीकरण किंवा मार्गदर्शिका यांसाठी चित्र अरबीत पुन्हा उभं करायचं असेल तेव्हाचं.

@ लावलेल्या नावाचा निकाल लवकर लागतो: हात लावायचा नाही. एक्सवर हँडलमध्ये फक्त रोमन अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर चालतात; इन्स्टाग्रामवर टिंबही चालतं. मराठीत हँडल घेता येत नाही, तसंच अरबीतही नाही. म्हणून `@UN` अरबी अक्षरांत लिहिलं, तर अस्तित्वात असूच शकत नाही असं खातं तुम्ही वाचकाला दाखवता. हँडलशेजारी ठळक अक्षरांत जे नाव दिसतं, ते मात्र अरबी करता येतं. तिथे `الأمم المتحدة` शोभतं, कारण संस्थेचं अधिकृत अरबी नाव तेच आहे.

इथे एक मोह होतो. संयुक्त राष्ट्रांचं अरबी खातं `@UNarabic` आहे, मग तेच का टाकू नये? कारण ते दुसरं खातं आहे. मूळ लेखकाने आभार एकाचे मानले आणि चित्रात दुसऱ्याचे दिसले, असं होतं. पोस्ट टाकणाऱ्याचं हँडल बदललं तर आणखी वाईट: त्या खात्याने न लिहिलेलं वाक्य त्याच्या तोंडी जातं. अरबी खात्याने तोच मजकूर खरोखर टाकला असेल, तर त्याच पोस्टचा नवा स्क्रीनशॉट घ्यावा.

लिंकचं लिप्यंतर कधीच करू नये. पण लिंक बदलता येते, आणि पुष्कळदा बदलावी. वरच्या लिंकमध्ये `en` च्या जागी `ar` टाकलं की त्याच विषयाचं अरबी पान उघडतं. अट एकच: पान स्वतः उघडून, तेच सांगतंय ना, हे वाचून पाहायचं. काही संकेतस्थळांवर `ar` टाकल्यावर अरबी मुखपृष्ठ येतं किंवा पान सापडत नाही. तिथे इंग्रजी लिंक राहू द्यावी. `bit.ly` सारखी आखूड केलेली लिंक आहे तशीच ठेवावी, कारण तिच्यातलं एक अक्षर बदललं तरी ती भलतीकडे जाते. अरबी लिपीतले पत्तेही असतात. 2010 पासून इजिप्तला `مصر` हा शेवट मिळालेला आहे, आणि यंत्राच्या आत तो `xn--wgbh1c` असा लिहिला जातो. पण तो पत्ता मालकाने घ्यावा लागतो. भाषांतरकाराने तो घडवायचा नसतो.

आता हॅशटॅग. इथे तिन्ही पर्याय खरे आहेत, म्हणून वेळ इथे द्यावा.

`#WorldWaterDay` चं भाषांतर करा. `#اليوم_العالمي_للمياه` हा हॅशटॅग अरबी वाचक स्वतः वापरतात, म्हणजे शब्द म्हणून तो कळतो आणि पत्ता म्हणून योग्य जागी पोहोचतो. अरबीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे शब्द वेगळे दिसायला अंडरस्कोर हवाच. जोडरेघ चालत नाही. तिथे हॅशटॅग तुटतो.

`#MeToo` ला हीच युक्ती जपून लावा. त्याचं शब्दशः `#أنا_أيضا` होतं आणि ते वापरातही आहे. पण 2018 मध्ये मोरोक्कोत `#Masaktach`, म्हणजे ‘मी गप्प बसणार नाही’, आणि 2019 मध्ये ट्युनिशियात `#EnaZeda`, म्हणजे तिथल्या बोलीतलं ‘मी सुद्धा’, अशा स्वतंत्र चळवळी उभ्या राहिल्या. एका अमेरिकी पोस्टमधला हॅशटॅग बदलून तिथे `#EnaZeda` लिहिलं, तर ट्युनिशियातल्या बायकांचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर चढतं. चळवळीचा हॅशटॅग मी मूळ रूपात ठेवते आणि अर्थ खाली अरबीत देते.

लिप्यंतर मला सर्वांत कमी पटतं. अरबीत ‘ग’ला सर्वमान्य अक्षर नाही. त्यामुळे गूगल हे नाव इजिप्तमध्ये `جوجل`, लेबनॉनकडे `غوغل` आणि सौदीत बहुधा `قوقل` असं लिहिलेलं दिसतं. एका हॅशटॅगचे असे तीन झाले की तिघांखालच्या पोस्टही वेगळ्या पडतात. ब्रँडचं किंवा मोहिमेचं नाव मालकानेच अरबीत ठरवलं असेल तर ते घ्या, नाहीतर रोमन राहू द्या. अर्धं रोमन, अर्धं अरबी असा हॅशटॅग मात्र टाळा. त्याचे तुकडे डोळ्यांसमोर जागा बदलतात.

कोणता पर्याय घ्यायचा हे ठरवण्याआधी तो हॅशटॅग त्याच अॅपमध्ये शोधून बघा. ताज्या पोस्ट अरबीत आहेत का? विषय तोच आहे का? हम्झा म्हणजे `أ` मधली वरची छोटी खूण. तिच्यासह आणि तिच्याशिवाय, दोन्ही रूपं तपासा, कारण टाइप करताना बरेच जण ती गाळतात.

वाक्यात बसवतानाही एक खड्डा आहे. अरबीत ‘आणि’साठीचं `و` पुढच्या शब्दाला चिकटतं. ते # ला चिकटवलं, तर हॅशटॅगच्या लगेच आधी अक्षर येतं आणि तो कॉपी करून पोस्ट केल्यावर एक्सवर निळा होत नाही. वाक्य फिरवून आधी मोकळी जागा येईल असं करावं. ‘मध्ये’ या अर्थाच्या `في` सारखा सुटा शब्द इथे उपयोगी पडतो.

सगळं बरोबर ठरवूनही चित्र बिघडतं ते दिशेमुळे. अरबी उजवीकडून डावीकडे जाते, आणि @, #, तिरकी रेघ यांना स्वतःची पक्की दिशा नसते. अरबी ओळीत `@UN` टाकलं की ते `UN@` असं दिसू लागतं. लिंकच्या शेवटी तिरकी रेघ असेल, तर ती उडी मारून डाव्या टोकाला जाते. माझ्या एका जुन्या पुस्तिकेत अशी लिंक छापली गेली होती, आणि तपासणाऱ्या तिघांपैकी कुणालाच ती खटकली नाही, कारण अक्षरं सगळी बरोबर होती.

उपाय म्हणजे रोमन तुकड्याच्या आधी `U+2066` आणि नंतर `U+2069` ही अदृश्य चिन्हं घालणं. वेबवर चित्र बांधत असाल तर हे पुरतं:

```
<bdi dir="ltr">@UN</bdi>
```

चित्राचा प्रोग्राम ही चिन्हं पाळत नसेल तर हँडल आणि लिंक वेगळ्या चौकटीत ठेवा. अरबी अक्षरं सुटी सुटी दिसली, तर त्या प्रोग्राममध्ये अरबी मांडणी चालू नाही, असं समजा.

स्क्रीनशॉटमधली लिंक दाबता येत नाही. वाचक ती बघून टाइप करतो. म्हणून शेवटी तयार चित्र अरबी वाचणाऱ्या, पण हे काम न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्या आणि त्याच्याच फोनवर तिन्ही निळ्या गोष्टी टाइप करायला सांगा. हँडलने योग्य खातं, हॅशटॅगने अरबी पोस्ट आणि लिंकने ते पान उघडलं, की चित्र पाठवून द्या.