नवरीच्या ब्लाउजचे अस्तर: खादी, मऊ सुती की रेशीममिश्रित?

येवल्यातील एका तरुण शिंप्याकडे मे महिन्यातील लग्नासाठी पैठणीचा ब्लाउज शिवायला आला, तेव्हा त्याने तिन्ही कापडांचे दहा इंचांचे चौकोन कापून रात्रभर पाण्यात भिजवले आणि सावलीत वाळवून मोजले. खादी अर्धा इंच आटली, मऊ सुती कापड पाव इंच, तर रेशीममिश्रित जवळपास तेवढेच राहिले. न भिजवता लावलेले अस्तर पुढे आटले, तर वरच्या रेशमाला झोळ पडतो, आणि तो इस्त्रीने जात नाही.

आटण्यापुरते पाहिले तर रेशीममिश्रित कापडच सरस होते. परंतु अंगाला घट्ट बसणाऱ्या ब्लाउजच्या बगलेत त्याचे निसरडे धागे ताणाने सरकतात आणि घामही ते सुतीइतका शोषत नाही. खादी घाम उत्तम शोषते, मात्र त्याच्याकडचा तागा जाड असल्याने कटोरीच्या जोडांवर शिवण फुगली. (बारीक सुताची मलमल खादी मिळाली असती, तर मी तीच घ्या म्हटले असते.)

अखेर त्याने मऊ सुती अस्तर निवडले, ते आधी भिजवून घेतले, आणि ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटत नाही याची खात्री केल्यावरच कात्री लावली.