आठ महिन्यांचा अनुभव: ‘ऑटो’ गुणवत्ता आणि रोजचा दीड जीबी

गेल्या ऑगस्टपासून मी मालिका, कीर्तने आणि मुलीच्या अकरावीच्या तासिका असे सर्व एकाच व्हिडिओ अ‍ॅपवर पाहत आहे. त्याची वार्षिक वर्गणी भरून आता आठ महिने झाले. आमच्या परभणीच्या घरी ब्रॉडबँड नाही. माझ्याकडे रोज दीड जीबी डेटा देणारा नेहमीचा मोबाइल प्लॅन आहे आणि तो संपला की मध्यरात्रीपर्यंत वेग 64 केबीपीएसवर येतो. मी शिकवतो त्या जिंतूरच्या शाळेत जाता-येता एसटीमध्ये दोन्ही वेळचे मिळून अडीच तास जातात, आणि बहुतेक पाहणे याच वेळात होते. त्यामुळे अ‍ॅपमध्ये कोणते कार्यक्रम आहेत यापेक्षा हा दीड जीबी अ‍ॅप कसा खर्च करते, हाच माझ्यासाठी महत्त्वाचा प्रश्न ठरला, आणि हा अभिप्रायही त्याविषयीच आहे.

पहिल्याच आठवड्यात एका चाळीस मिनिटांच्या भागाने सहाशे एमबी खाल्ले. गुणवत्ता अ‍ॅपच्या मूळ सेटिंगप्रमाणे ‘ऑटो’वर होती आणि ‘ऑटो’ म्हणजे अ‍ॅप आपल्याला परवडेल तेवढेच घेईल, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती. प्रत्येक व्हिडिओ सर्व्हरवर चार-पाच वेगवेगळ्या गुणवत्तांमध्ये ठेवलेला असतो आणि प्रत्येक गुणवत्तेचे काही सेकंदांचे छोटे तुकडे केलेले असतात. नुकतेच आलेले तुकडे किती वेळात उतरले यावरून अ‍ॅप नेटवर्कचा वेग मोजते आणि त्या वेगात सहज मावेल अशी सर्वांत चांगली गुणवत्ता पुढच्या तुकड्यासाठी निवडते. अँड्रॉइडवरील अनेक अ‍ॅप ज्या एक्सोप्लेअर या व्हिडिओ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर उभी आहेत, त्यात मोजलेल्या वेगापैकी मुळात 70 टक्केच हिशोबात धरले जातात. म्हणजे परभणी बसस्थानकावर 8 एमबीपीएस वेग मिळत असेल, तर अ‍ॅप साडेपाच एमबीपीएस उपलब्ध आहेत असे मानते आणि चार एमबीपीएसचे 1080p चित्र निश्चिंतपणे मागवते. या सगळ्या निवडीत माझ्या दीड जीबीपैकी किती उरले आहे, हा प्रश्न कोठेच येत नाही. नेटवर्क जितके चांगले, तितका डेटा लवकर संपतो.

हिशोब सोपा आहे आणि प्रत्येकाने एकदा करून पाहावा. एमबीपीएसचा आकडा साडेसातने गुणला की मिनिटाला किती एमबी जातात ते कळते. चार एमबीपीएसला मिनिटाला तीस एमबी, म्हणजे पन्नास मिनिटांत दिवसाचा सगळा डेटा संपतो. मी फोनच्या सेटिंगमधील ‘अ‍ॅप डेटा वापर’ या पानावरचा आकडा भाग सुरू करण्यापूर्वी आणि संपल्यावर वहीत टिपत गेलो. 480p वर गुणवत्ता बांधून ठेवल्यावर चाळीस मिनिटांचा भाग सुमारे 240 एमबीत होतो, तर ‘डेटा सेव्हर’ या त्याहून कमी गुणवत्तेच्या पर्यायात दीडशेच्या आसपास. सहा इंची पडद्यावर मालिका पाहताना 480p आणि 1080p मधला फरक मला एसटीच्या हादऱ्यांत खरोखर जाणवत नाही. मुलीच्या भौतिकशास्त्राच्या तासिकेत मात्र ‘डेटा सेव्हर’ चालत नाही, कारण फळ्यावरचे घातांक आणि पायथ्याला लिहिलेली अक्षरे पुसट होतात आणि तिला समीकरण अंदाजाने वाचावे लागते. म्हणून आता मनोरंजनासाठी ‘डेटा सेव्हर’ आणि अभ्यासासाठी 480p असे आम्ही ठरवले आहे.

याच तासिकांमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला सर्वांत खटकते. मुलगी एखादे उदाहरण समजेपर्यंत व्हिडिओ दहा-दहा सेकंद मागे घेते. अर्ध्या तासाची जी तासिका सरळ पाहिली तर 180 एमबीत संपते, तिनेच एकदा 290 एमबी घेतले. कारण शोधण्यासाठी मी एक साधी परीक्षा केली. व्हिडिओ दोन मिनिटे चालू दिला आणि फोन विमान मोडवर टाकला. व्हिडिओ पुढे जवळजवळ पन्नास सेकंद व्यवस्थित चालला आणि मग चक्र फिरू लागले, म्हणजे पुढचा तेवढा भाग फोनमध्ये आधीच साठवलेला होता. दुसऱ्यांदा तीच परीक्षा करताना विमान मोड लावल्याबरोबर दहा सेकंद मागे गेलो, तर चित्र तत्काळ गोठले. पाहून झालेला भाग अ‍ॅप लगेच टाकून देते आणि मागे गेले की तोच भाग पुन्हा विकत घ्यावा लागतो. मेमरी वाचवण्यासाठी बहुतेक प्लेअर मुळात असेच वागतात, हे मला मान्य आहे. पण मागचे एक-दोन मिनिट राखून ठेवण्याची सोय प्लेअरमध्ये असते, आणि जे अ‍ॅप अभ्यासाच्या तासिका विकते त्याने ती वापरायलाच हवी. ती होईपर्यंत आम्ही तासिका आधी डाउनलोड करतो, मग कितीही वेळा मागे गेले तरी एक केबीसुद्धा जात नाही.

या पन्नास सेकंदांच्या साठ्याची मर्यादा बसमध्ये रोज दिसते. झरी सोडून बोरीकडे जाताना माझ्या कंपनीचे नेटवर्क काही मिनिटे जवळपास नाहीसे होते. गुणवत्ता कमी ठेवली तर साठा जास्त वेळ पुरेल असे मला वाटले होते, पण तसे होत नाही, कारण या अ‍ॅपमध्ये साठा एमबीत नव्हे तर सेकंदांत मोजला जातो; हलक्या चित्राचेही पन्नासच सेकंद भरले जातात. फायदा एवढाच की क्षीण नेटवर्कमध्ये ते लवकर भरतात. ‘ऑटो’वर असताना मात्र तिथे हमखास चित्र आधी धूसर होते, मग थांबते आणि बोरीचा टॉवर आला की पुन्हा एकदम लख्ख होते. हा चढउतार डोळ्यांना त्रासदायक वाटतो. एकाच मध्यम गुणवत्तेवर बांधलेले चित्र मला त्याहून अधिक सुखाचे वाटते.

आता ती घटना, जिच्यामुळे हे सर्व लिहावेसे वाटले. सप्टेंबरमध्ये मी सेलू तालुक्यातील आमच्या गावी गेलो होतो. तिथे माझ्या सिमला रेंज नाही, धाकट्या भावाच्या सिमला आहे, म्हणून त्याने मला हॉटस्पॉट दिला. मोबाइल डेटासाठी मी अ‍ॅपमध्ये ‘डेटा सेव्हर’ लावलेला होता, त्यामुळे निर्धास्त होतो. जेवण झाल्यावर आईला कीर्तन लावून दिले. तिने ते पाऊण तास पाहिले, आणि त्याच वेळी मी पूर्वी रांगेत लावून ठेवलेल्या दोन भागांचे डाउनलोडही आपोआप सुरू झाले, कारण सेटिंगमध्ये ‘फक्त वाय-फायवर डाउनलोड’ असे निवडलेले होते. भावाचा दिवसभराचा डेटा तासाभराच्या आत संपला. त्याला दुपारी शेतात जाऊन ई-पीक पाहणी करायची होती. सोयाबीनचा फोटो काढून झाला, पण 64 केबीपीएसवर तो चढेना आणि भाऊ तसाच परत आला. “दादा, तू तर म्हणालास बचत चालू आहे म्हणून,” एवढेच तो म्हणाला. मला फार वाईट वाटले.

दोष कुठे होता ते नंतर कळले. अ‍ॅपचे ‘डेटा सेव्हर’ फक्त सिमवरून येणाऱ्या डेटाला लागू होते. हॉटस्पॉट माझ्या फोनला वाय-फाय म्हणून दिसतो, आणि वाय-फाय म्हणजे अमर्याद असे अ‍ॅप गृहीत धरते. वास्तविक अँड्रॉइडमध्ये प्रत्येक वाय-फाय नेटवर्कच्या तपशिलात ते ‘मीटर केलेले’ मानावे, म्हणजे मोजून मिळणारे आहे असे समजावे, असा पर्याय असतो आणि अ‍ॅपला तो वाचता येतो. मी भावाच्या हॉटस्पॉटसाठी तो चालू करून पुन्हा मोजले, तर डाउनलोड आपोआप सुरू होणे थांबले, परंतु चित्राची गुणवत्ता मात्र 1080p वरच राहिली. म्हणजे अ‍ॅपच्या एका भागाने ही खूण मानली आणि दुसऱ्याने दुर्लक्षिली. आता मी वाय-फायसाठीची कमाल गुणवत्तासुद्धा 480p वर आणून ठेवली आहे. ही सेटिंग वेगळ्या पानावर आहे आणि सहजासहजी सापडत नाही. ज्यांच्या घरी हॉटस्पॉटवरच सर्व चालते त्यांनी ती आधी बदलावी.

डेटा संपल्यानंतर ‘ऑटो’वर व्हिडिओ निदान खालच्या गुणवत्तेत तरी चालेल का, असे काही जण विचारतात. चालत नाही. या अ‍ॅपची सर्वांत खालची पायरी सुमारे 200 केबीपीएसची आहे. तिचा चार सेकंदांचा तुकडा 64 केबीपीएसवर उतरायला बारा सेकंदांहून अधिक लागतात. म्हणजे चार सेकंद पाहायचे आणि आठ सेकंद थांबायचे, असेच चालू राहते.

म्हणून डाउनलोड हाच आमचा खरा आधार झाला आहे. रात्री अकरानंतर दिवसाचा जो डेटा उरलेला असतो, त्यात दुसऱ्या दिवसाचे दोन भाग आणि एक तासिका 480p मध्ये उतरवतो. बारा वाजता उरलेला डेटा तसाही वाया जाणार असतो. अडचण एक आली: पडदा बंद केला की माझ्या फोनमध्ये डाउनलोड मध्येच थांबत असे. फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या अ‍ॅपवरील निर्बंध काढल्यानंतर डाउनलोड पुन्हा असे थांबले नाही. डाउनलोड केलेला भाग एकदा पाहायला सुरुवात केली की अ‍ॅप 48 तासांनी तो बंद करते, त्यामुळे अर्धवट सोडलेली तासिका तिसऱ्या दिवशी उघडत नाही. परीक्षेच्या दिवसांत याचा मुलीला दोनदा त्रास झाला.

कॅशेविषयी थोडेसे. स्टोरेजच्या पानावर दिसणारा कॅशे म्हणजे डाउनलोड नव्हे. त्यात मुख्यतः चित्रे, झलकी आणि तात्पुरते तुकडे असतात, आणि ‘कॅशे साफ करा’ दाबल्याने माझे डाउनलोड कधी गेले नाहीत. त्याच्या शेजारचे ‘डेटा साफ करा’ मात्र सगळे पुसते. फोनमध्ये जागा होत नाही म्हणून आमच्या एका सहकारी शिक्षकांनी ते दाबले आणि त्यांचे अकरा भाग गेले. ते पुन्हा उतरवायला त्यांना चार रात्री लागल्या. मुख्य पानावर आपोआप चालणाऱ्या झलकी मी पहिल्याच महिन्यात बंद केल्या, कारण काही न पाहता नुसते पान सरकवले तरी त्या डेटा घेत होत्या.

वर्गणी मी पुढच्या वर्षीही भरणार आहे, कारण 480p वर बांधलेले चित्र आणि रात्रीचे डाउनलोड या दोन गोष्टी हे अ‍ॅप नीट करते. अ‍ॅपच्या तक्रार कक्षाला मी तीन मागण्या लिहून पाठवल्या आहेत: मोजून मिळणाऱ्या वाय-फायवर ‘डेटा सेव्हर’ आपोआप लागू व्हावे, पाहून झालेली निदान दोन मिनिटे फोनमध्ये राहावीत आणि ‘ऑटो’ला दिवसाची एमबीतील मर्यादा घालता यावी. पहिल्या मागणीवर ‘नोंद घेतली आहे’ असे उत्तर आले, उरलेल्या दोन्हींवर अद्याप काहीच नाही. दरम्यान भावाच्या फोनमध्ये मी हॉटस्पॉटला पाचशे एमबीची मर्यादा लावून दिली आहे.